फक्त हीच, की सगळी मालिका?

आमच्या विभागाच्या मंगळवारच्या मीटिंगचा आयोजक मी आहे. ही पदवी मला कर्तृत्वामुळे मिळालेली नाही. जानेवारीत साहेबांनी "कुणीतरी ते कॅलेंडरमध्ये टाका रे" असं म्हटलं, तेव्हा लॅपटॉप फक्त माझाच उघडा होता. ७ जानेवारी २०२५ ते २४ जून, दर मंगळवारी सकाळी दहा वाजता, एकूण पंचवीस मीटिंगा आणि नऊ निमंत्रित. एकदा भरलं आणि 'पाठवा' दाबलं की झालं, असा माझा समज होता.

पण त्या मीटिंगवर दोनदा क्लिक केलं की पडद्याच्या मधोमध एक छोटी चौकट येते. फक्त ही एक उघडायची, की सगळी मालिका? प्रश्न इतका सभ्य असतो की त्यात धोका असेल असं वाटतच नाही.

पहिल्यांदा मी 'फक्त ही एक'च्या बाजूने चुकलो. आमच्याकडे एक नवीन मुलगी रुजू झाली. तिला निमंत्रितांत घालायचं म्हणून मी समोर दिसणारी, म्हणजे त्याच मंगळवारची मीटिंग उघडली आणि तिचा पत्ता टाकला. ती आली, वहीत टिपणं घेतली, दोन चांगले प्रश्नही विचारले. पुढच्या मंगळवारी आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. साहेब म्हणाले, "काय हो, पहिल्याच फेरीत घाबरली वाटतं." तिसऱ्या आठवड्यात तिनेच मला जिन्यात गाठून हळूच विचारलं, "सर, माझे प्रश्न आवडले नाहीत का?" तिच्या कॅलेंडरमध्ये आमची मीटिंग आयुष्यात एकदाच होती.

यावरून मी धडा घेतला की 'फक्त ही एक' दाबायचं नाही. चुकीचे धडे मी नेहमीच मन लावून घेतो.

१८ मार्चला मीटिंग संपताना साहेब म्हणाले, "पुढच्या वेळेपासून अकरा करू या." मी जागेवर येऊन 'सगळी मालिका' उघडली आणि दहाचे अकरा केले. तेवढ्यात आणखी एक चौकट आली. या मालिकेतले अपवाद पुसले जातील, चालेल का, अशा अर्थाचं काहीतरी त्यात लिहिलं होतं. माझ्या मीटिंगांत अपवादात्मक काही घडल्याचं मला स्मरत नव्हतं, म्हणून मी 'हो' दाबलं. नऊ जणांना सुधारित निमंत्रण गेलं. सगळ्यांचे आधीचे होकार रद्द होऊन पुन्हा नऊ उत्तरं मागितली गेली. संध्याकाळपर्यंत सात होकार आले, एक "पुन्हा?" आलं, आणि एकांनी चुकून सबंध मालिकेलाच नकार देऊन टाकला.

पहिली तक्रार हिशेबखात्यातल्या बाईंकडून आली. ११ फेब्रुवारीची मीटिंग आम्ही दुपारी चारला घेतली होती, इतिवृत्तात चार लिहिलंय, कॅलेंडर मात्र सकाळी अकरा दाखवतंय, असं त्यांचं म्हणणं. पाहतो तो काय, होऊन गेलेल्या अकराच्या अकरा मीटिंगा आता अकरा वाजता झालेल्या होत्या. मला फक्त पुढच्यांची वेळ बदलायची होती, मी भूतकाळही बदलून बसलो होतो. "जे झालं ते झालं" ही म्हण कॅलेंडरला लागू नाही हे तेव्हा कळलं.

तरी तेवढ्यावर निभावलं असतं. पण ८ एप्रिलला लेखापरीक्षण होतं, म्हणून त्या दिवशीची मीटिंग मी फेब्रुवारीतच रद्द केली होती. रद्द केल्याचं सगळ्यांना कळवलं होतं, मीही विसरून गेलो होतो. ८ एप्रिलला सकाळी अकराला नऊच्या नऊ माणसं मीटिंगच्या खोलीत हजर. तिथे लेखापरीक्षक फायलींचे गठ्ठे मांडून बसलेले. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

मग मी केलं ते कुणीही करेल असं आहे. जागेवर जाऊन सगळी मालिका परत दहावर आणली. माझा हिशेब असा, की वेळ पूर्ववत झाली की रद्द झालेली मीटिंगही पूर्ववत रद्द होईल. झालं इतकंच की नऊ जणांना आणखी एक निमंत्रण गेलं आणि न झालेली मीटिंग आता अकराऐवजी दहाला झाल्याचं दिसू लागलं.

शेवटी संगणक विभागातल्या मुलाला बोलावलं. वयाने माझ्या भाच्याएवढा. त्याने पहिला प्रश्न विचारला, "काका, तुमच्या कॅलेंडरमध्ये मीटिंगा किती आहेत?"

"पंचवीस."

"एक," तो म्हणाला, आणि पाठकोऱ्या कागदावर लिहायला लागला. कॅलेंडरं एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात तिचे नियम २००९ च्या आरएफसी ५५४५ नावाच्या दस्तऐवजात आहेत म्हणे, आणि त्या भाषेत माझी मीटिंग साधारण अशी दिसते:

```
DTSTART:20250107T100000
RRULE:FREQ=WEEKLY;BYDAY=TU;UNTIL=20250624T100000
EXDATE:20250408T100000
```

म्हणजे पंचवीस मीटिंगा कुठेच साठवलेल्या नसतात. साठवलेला असतो तो एक नियम: अमुक दिवशी सुरू, दर आठवड्याला, मंगळवारी, अमुक तारखेपर्यंत. पडद्यावर दिसणाऱ्या पंचवीस चौकोनी खुणा हा त्या नियमावरून दर वेळी नव्याने काढलेला हिशेब असतो. मी जी मीटिंग 'रद्द' केली होती, ती पुसली गेली नव्हती, कारण पुसायला ती होतीच कुठे? फक्त खाली एक ओळ वाढली होती: ८ एप्रिल, दहा वाजताची सोडून द्या.

"दहा वाजताची," त्याने बोट ठेवलं. "तुम्ही नियमात अकरा केलेत. आता या नियमातून दहाची मीटिंग निघतच नाही. मग ती सोडायची कशी? अकराची निघते, आणि तिला सोडा असं कुणी सांगितलेलं नाही."

आम्ही वेळ बदललेल्या ११ फेब्रुवारीच्या मीटिंगचंही तेच. तिच्यासाठी वेगळी नोंद असते:

```
RECURRENCE-ID:20250211T100000
DTSTART:20250211T160000
```

खालची ओळ सांगते की मीटिंग दुपारी चारला आहे. वरची सांगते की ही मूळची कोण: ११ फेब्रुवारीची, दहा वाजताची. माणूस गाव सोडून कुठेही गेला तरी मूळ गावाच्या नावाने ओळखला जावा, तशी ही मीटिंग चारला गेली तरी तिची ओळख दहाचीच राहते. आणि मी गावच उठवलं होतं. अशा वेळी काही प्रोग्रॅम अपवाद सांभाळून पुढे सरकवायचा प्रयत्न करतात. आमच्यासारखे काही सरळ सगळे पुसतात, पण निदान आधी विचारतात. "ती चौकट आली असेल ना?" त्याने विचारलं. मी पाणी प्यायलो.

वेळ परत दहावर आणल्याने काही परत का आलं नाही, हे मी विचारलंच नाही. पुसलेल्या पाटीवर खडू नुसता जुन्या जागी ठेवला म्हणून अक्षरं उमटत नाहीत, एवढं मलाही कळतं.

मग त्याने योग्य रीत दाखवली. 'आजपासून पुढे' असा बदल हवा असेल तर जुन्या मालिकेच्या नियमात हात घालायचा नाही. तिची फक्त शेवटची तारीख अलीकडे आणायची, म्हणजे झालेल्या मीटिंगा जशा झाल्या तशा राहतात, आणि पुढच्या तारखेपासून नवी मालिका काढायची. काही प्रोग्रॅममध्ये चौकटीत 'ही आणि यापुढच्या सगळ्या' असा तिसरा पर्याय असतो, आणि तो दाबला की बरेच प्रोग्रॅम आतून हेच करतात: एका मालिकेच्या दोन करतात. आमच्याकडे तो पर्याय नाही. शेवटची तारीख बदलली तरी काही ठिकाणी अपवाद उडतात, त्यामुळे आधी ते कागदावर उतरवून घ्यायचे. आमच्या बाबतीत ही अडचण नव्हती. उडायला काही उरलेलंच नव्हतं.

जुनी मालिका ८ एप्रिलला संपवली. नवी १५ एप्रिलपासून अकरा वाजता, २४ जूनपर्यंत, अकरा मीटिंगा. या वेळी ती नवी मुलगी मालिकेत घातली. २५ मार्च आणि १ एप्रिलच्या मीटिंगा झाल्या अकराला आणि आता कॅलेंडर दाखवतं दहा, पण हे हिशेबखात्यातल्या बाईंना मी सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

जाताना मुलाने विचारलं, "जुन्या मालिकेत पुढचे आणखी काही अपवाद होते का? एखादी हलवलेली वगैरे?"

मी ठामपणे म्हणालो, "छे."

२४ एप्रिलला, गुरुवारी, दुपारी तीन वाजता खालून स्वागतकक्षाचा फोन आला. एक पाहुण्या बाई आल्यायत, तुमच्या विभागासमोर भाषण आहे म्हणतात. २२ एप्रिलची मीटिंग मी त्यांच्यासाठीच गुरुवारी हलवली होती, जानेवारीत. त्यांचं कॅलेंडर वेगळ्या संस्थेतलं. माझे नंतरचे बदल तिथे पोचलेच नव्हते, म्हणून त्यांच्याकडे सगळं बरोबर होतं. आमच्या बाजूला मात्र खोलीचं आरक्षणही अपवादाबरोबर गेलेलं. भाषण शेवटी माझ्या टेबलापाशी झालं. श्रोते तिघे: मी, नवी मुलगी आणि प्रिंटरची शाई बदलायला आलेला माणूस. मुलीने दोन चांगले प्रश्न विचारले.

एक गुंता मात्र अजून सुटलेला नाही. आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी जानेवारीतच ती मालिका आपल्या खाजगी कॅलेंडरमध्ये स्वतःच्या हाताने उतरवून घेतली होती, कारण ऑफिसच्या कॅलेंडरवर त्यांचा विश्वास नाही. हाताने उतरवलेल्या नोंदीचं माझ्या मालिकेशी काहीच नातं नसतं. मी इकडे अकरा करो, दहा करो, मालिका संपवो, तिकडे पान हलत नाही. त्यामुळे ते अजूनही दर मंगळवारी दहाला मीटिंगच्या खोलीत जाऊन बसतात. परवा मी त्यांना वेळ बदलल्याचं सांगायला गेलो, तर दार लोटून घेत म्हणाले, "मला माहीत आहे हो. पण हा एक तास कुणी येत नाही, फोन वाजत नाही. तुम्ही त्याला हात लावू नका."