दोन खोल्यांचा क्लास आणि सात पी

विपणनाचे सात पी एका शिकवणी क्लासला लावून दाखवणाऱ्या असाइनमेंटच्या माझ्या उत्तरावरील प्रतिक्रिया : «चिपळूणजवळच्या दोन खोल्यांच्या क्लासला सात पी लावणे अति वाटते. शिक्षक एकच, म्हणजे ‘लोक’ तोच आणि ‘प्रक्रिया’ही तोच. चार पी पुरे होते. भौतिक पुराव्यात बाके आणि फळा लिहून काय साधते?»

आपण मनापासून वाचून लिहिलेत, म्हणून सविस्तर उत्तर देतो. विपणनाचे अभ्यासक बूम्स आणि बिटनर यांनी १९८१ मध्ये उत्पादन, किंमत, स्थान आणि प्रवर्धन या चार पींना लोक, प्रक्रिया आणि भौतिक पुरावा यांची जोड दिली, ती सेवा मोठी असते म्हणून नव्हे. सेवा विकत घेण्याआधी हाताळून पाहता येत नाही आणि देणाऱ्यापासून वेगळी काढता येत नाही, म्हणून. हे दोन खोल्यांनाही लागू आहे.

माणूस एकच असला तरी लोक आणि प्रक्रिया वेगळे करता येतात. मी एक कसोटी वापरतो : शिक्षक बदलला तर तक्रार मिटेल का? असाइनमेंटमधील क्लासात पालकांची तक्रार शिकवण्याबद्दल नव्हती. शनिवारच्या चाचणीचे पेपर दोन-दोन आठवडे परत मिळत नव्हते आणि तोवर पुढचा धडा सुरू झालेला असे. चाळीस उत्तरपत्रिका, प्रत्येकीला सहा मिनिटे, म्हणजे सलग चार तास. रोज तीन बॅच घेणाऱ्याला ते मिळणार कुठून? तिथे कितीही हुशार माणूस बसवला तरी पेपर अडकणारच, तेव्हा हा दोष प्रक्रियेचा. विपणनतज्ज्ञ शोस्टॅक यांच्या १९८४ च्या सेवा-आराखड्यात ग्राहकाला दिसणारी आणि न दिसणारी कामे एका रेषेने वेगळी केली जातात. पेपर तपासणे त्या रेषेपलीकडचे, म्हणूनच ‘शिक्षक पात्र व प्रेमळ आहेत’ एवढे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याच्या ते नजरेतून सुटते. मी सुचवलेला उपाय साधा होता : दोन तुकड्यांच्या चाचण्या वेगळ्या दिवशी घ्याव्यात, म्हणजे एका वेळी वीसच पेपर हाती येतील. तपासायला माणूस ठेवणे शक्य होते, पण त्याचा पगार फीमध्ये दिसला असता.

बाके-फळ्याविषयी मात्र मी आपल्याशी सहमत आहे, आणि म्हणूनच माझा भर त्यांच्यावर नव्हता. आपल्याकडे बऱ्याच मुलांचे वडील चाकरमानी; ते फी मुंबईहून पाठवतात, क्लासची पायरी गणपतीला गावी आले तर चढतात. शिकवणीचा दर्जा महिनोन्महिने घेऊनही पालकाला नीट जोखता येत नाही, त्यामुळे तो हाती येईल त्यावरून अंदाज बांधतो. त्याच्या हाती येते ती तपासलेल्या उत्तरपत्रिकेची व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली छायाचित्रे : गुण, आणि समासात ‘पायऱ्या गाळल्या’ असा लाल शेरा. या क्लासाचा भौतिक पुरावा तोच, आणि तो वेळेवर पोहोचतो की नाही हे पुन्हा त्या चार तासांवर ठरते.

प्रवर्धनावर दोनच ओळी लिहिल्या, त्याही मुद्दाम. वाडीत दहावीचा निकाल लागला की फलक लावायची गरज उरत नाही.