लेप्टोचा एलायझा आणि सीडी४चा आकडा: एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

"लेप्टोचा एलायझा निगेटिव्ह आला म्हणजे लेप्टो नाही, गोळ्या लगेच बंद करा. पॉझिटिव्ह आला तर आकडा बघा, जेवढा मोठा तेवढा आजार जास्त. पक्की खात्री पाहिजे असेल तर फ्लो सायटोमेट्री करा. त्यात सीडी४ कमी आला की समजा प्रतिकारशक्ती संपली."

भातलावणीच्या दिवसांत सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीतल्या गावोगावच्या गटांतून हा मजकूर फिरतो आहे. त्यातले पहिले विधान जिवावर बेतू शकते, म्हणून त्यावर सर्वांत जास्त लिहितो आहे.

लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापासाठी केली जाणारी आयजीएम एलायझा ही रक्ताची चाचणी जंतू शोधत नाही. जंतू शरीरात शिरल्यावर शरीराने त्याच्याविरुद्ध जी प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडी, तयार केली, त्यांपैकी आयजीएम या प्रकारची प्रतिपिंडे ती शोधते. चाचणीच्या प्लेटमधल्या प्रत्येक खाचेच्या तळाशी लेप्टोस्पायरा जंतूचे प्रतिजन, म्हणजे प्रतिपिंडे ज्याला धरतात तो जंतूचा अंश, आधीच चिकटवलेले असते. रुग्णाचे सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव, साधारण शंभरपट पातळ करून त्यात घालतात आणि ठरलेला वेळ तसेच ठेवतात. सीरममध्ये लेप्टोची प्रतिपिंडे असतील तर ती तळाला धरून बसतात आणि बाकीचे सारे धुऊन जाते. मग मानवी आयजीएमला चिकटणारे दुसरे प्रतिपिंड घालतात, ज्याला एक एन्झाइम जोडलेले असते. पुन्हा धुतात आणि रंगद्रव्य घालतात. एन्झाइम जेवढे उरले असेल तेवढा निळा रंग चढतो, आम्ल घातल्यावर तो पिवळा होतो आणि ४५० नॅनोमीटरच्या प्रकाशात यंत्र तो किती गडद आहे ते मोजते. अहवालात छापून येणारा आकडा या पिवळ्या रंगातून निघतो.

ही प्रतिपिंडे तापाच्या पहिल्या दिवशी रक्तात नसतात. ती मोजण्याइतकी व्हायला साधारण पाच ते सात दिवस लागतात. याउलट जंतू स्वतः रक्तात असतो तो मुख्यतः पहिल्या आठवड्यात, आणि त्या काळात त्याचा अंश शोधणारी पीसीआर चाचणी एलायझापेक्षा उपयोगाची ठरते. तिसऱ्या दिवशी केलेला एलायझा निगेटिव्ह आला, तर त्याचा अर्थ एवढाच होतो की त्या दिवशी रक्तात पुरेसे आयजीएम सापडले नाही. शिवाय प्रतिजैविके लवकर सुरू झाली असतील तर काही रुग्णांत प्रतिपिंडे उशिरा वाढतात किंवा कमी प्रमाणात वाढतात.

एक उदाहरण आकड्यांसह पाहू. हे हिशेबासाठी रचलेले आहे, पण आकड्यांची चाल खऱ्या अहवालांसारखीच आहे. कुडाळकडच्या एका शेतकऱ्याला चिखलणी करून आल्यावर चार जुलैला थंडी वाजून ताप आला, पोटऱ्या असह्य दुखू लागल्या आणि डोळे लाल झाले. सहा जुलैला, म्हणजे तापाच्या तिसऱ्या दिवशी, रक्त घेतले. त्याच्या खाचेचे वाचन आले ०.३३६. त्या दिवशीच्या प्लेटवर किटसोबत आलेल्या नमुन्यावरून ठरलेली सीमारेषा ०.४२० होती. एका प्रचलित किटच्या रीतीनुसार रुग्णाचे वाचन सीमारेषेने भागून दहाने गुणतात. उत्तर आले आठ. त्या किटमध्ये नऊच्या खाली निगेटिव्ह, नऊ ते अकरा संशयास्पद आणि अकराच्या वर पॉझिटिव्ह धरतात, म्हणून अहवाल निगेटिव्ह आला. डॉक्टरांनी मात्र डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक चालू ठेवले आणि सतरा जुलैला, चौदाव्या दिवशी, दुसरा नमुना मागवला. त्या दिवशीची सीमारेषा ०.४५ होती आणि रुग्णाचे वाचन १.३५, म्हणजे तीस युनिट. पहिला अहवाल चुकीचा नव्हता, तो वेळेआधीचा होता. संदेश वाचून या माणसाने सहा जुलैला गोळ्या सोडल्या असत्या, तर मूत्रपिंडे, यकृत किंवा फुफ्फुसे धोक्यात येऊ शकली असती, कारण लेप्टोचा गंभीर टप्पा अनेकदा पहिल्या आठवड्यानंतर उघड होतो. कावीळ दिसणे, लघवी कमी होणे आणि धाप लागणे ही त्याची लक्षणे आहेत. याच कारणाने संशय दाट असेल तर अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू करतात. औषध कधी थांबवायचे हे रुग्णाला तपासणारे डॉक्टर ठरवतात, निगेटिव्ह शब्द ते ठरवत नाही.

आकडा मोठा म्हणजे आजार मोठा, हा संदेशातला दुसरा भाग. रंगाची गडदता प्रतिपिंडांच्या प्रमाणाशी काही अंशी जोडलेली असते हे खरे, पण ती रुग्णाच्या अवयवांची स्थिती सांगत नाही. काही गंभीर रुग्णांत सुरुवातीला आयजीएम जेमतेम असते, आणि बऱ्या झालेल्या माणसात महिनोन्महिने उरलेले आयजीएम ठळक आकडा देऊ शकते. भात लावणाऱ्या, दरवर्षी त्याच पाण्यात उतरणाऱ्या लोकांत तर मागच्या मोसमातले प्रतिपिंड उरलेले असण्याची शक्यता नेहमीच धरावी लागते.

दुसरे कारण मोजणीतच आहे. वाचनाचा आकडा एकटा काहीच बोलत नाही, कारण तो त्या दिवशीच्या प्लेटशी बांधलेला असतो. तोच ०.४० हा आकडा घ्या. एका प्लेटवर सीमारेषा ०.४२ असेल तर नऊ दशांश पाच युनिट होतात आणि अहवाल संशयास्पद ठरतो. दुसऱ्या दिवशी सीमारेषा ०.३६ आली तर तोच आकडा अकरा दशांश एकवर जाऊन पॉझिटिव्ह होतो. म्हणूनच दोन वेगवेगळ्या किटचे युनिट एकमेकांशी ताडून पाहणे निरर्थक असते, आणि सीमारेषेला खेटून असलेला निकाल काही दिवसांनी नव्या नमुन्यावर पुन्हा करून घेणे रास्त असते. धुण्यात कसूर झाली तर न चिकटलेले एन्झाइम तळाशी राहते आणि साऱ्याच खाचा पिवळ्या होतात. आमच्याकडे पावसात वीज जाते, शीतपेटीत ठेवलेले किट घाईत गार अवस्थेत वापरले जाते, मग रंग फिका पडतो. या दोन्ही चुका पकडण्यासाठी प्रत्येक प्लेटवर माहीत असलेला पॉझिटिव्ह आणि माहीत असलेला निगेटिव्ह नमुना ठेवतात. हे दोन्ही नमुने किटच्या पत्रकात दिलेल्या मर्यादेत बसले नाहीत, तर त्या प्लेटचे सगळे अहवाल रद्द करायला हवेत. अशा वेळी ते रुग्णाच्या हाती देणे ही गंभीर चूक आहे.

पॉझिटिव्ह अहवालाबद्दल आणखी एक गोष्ट संदेशात अजिबात नाही: चाचणी कोणाची केली, यावर निकालाचा भरवसा अवलंबून असतो. हिशेबापुरते धरू की योग्य वेळी केलेली चाचणी शंभर लेप्टो रुग्णांपैकी नव्वद ओळखते, आणि लेप्टो नसलेल्या शंभरांपैकी सहा जणांना चुकून पॉझिटिव्ह ठरवते. पावसाळ्यातल्या एक हजार तापाच्या रुग्णांत शंभरांना खरोखर लेप्टो असेल, तर खरे पॉझिटिव्ह नव्वद आणि खोटे चोपन्न, म्हणजे एकूण एकशे चव्वेचाळीसांपैकी साधारण साठ टक्के खरे. हीच चाचणी ताप नसलेल्या हजार गावकऱ्यांच्या शिबिरात केली आणि त्यांत फक्त दहाच बाधित असले, तर खरे पॉझिटिव्ह नऊ आणि खोटे सुमारे साठ. तिथे दर सात-आठ पॉझिटिव्हमागे एकच खरा निघतो. यंत्र तेच, किट तेच, अर्थ मात्र पालटतो. संधिवाताशी संबंधित काही प्रतिपिंडे आणि इतर काही संसर्गही आयजीएम एलायझात खोटा रंग आणू शकतात. म्हणून पक्क्या निदानासाठी दहा ते चौदा दिवसांच्या अंतराने दोन नमुने घेऊन, एमएटी या चाचणीत प्रतिपिंडांची पातळी किमान चौपट वाढली का, हे पाहतात.

राहिला फ्लो सायटोमेट्रीचा मुद्दा. ही चाचणी मुळात वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देते. ती रक्तातल्या पेशी मोजते, लेप्टोविरुद्धची प्रतिपिंडे मोजत नाही. गोठू नये म्हणून ईडीटीए असलेल्या नळीत घेतलेल्या रक्तात चमकत्या रंगांनी खुणावलेली प्रतिपिंडे मिसळतात, तांबड्या पेशी विरघळवतात आणि उरलेल्या पेशी एकामागून एक लेझरच्या किरणासमोरून नेतात. प्रत्येक पेशीवरून प्रकाश किती विखुरला आणि तिच्यावरचे कोणते रंग चमकले, यावरून ती कोणत्या गटातली हे ठरते. सीडी३ आणि सीडी४ ही दोन्ही चिन्हे असलेली लिम्फोसाइट ही पांढरी पेशी मदतनीस टी पेशी म्हणून मोजली जाते. सीडी३ची खूण मुद्दाम ठेवावी लागते, कारण मोनोसाइट या दुसऱ्या पेशींवरही सीडी४ फिकट असते. तंत्रज्ञाने पडद्यावरच्या ठिपक्यांभोवती कुंपण नीट आखले नाही, तर मोनोसाइट आत शिरतात आणि आकडा फुगतो.

आता तापातला कमी सीडी४ पाहू. समजा त्या शेतकऱ्याच्या तापात पांढऱ्या पेशी घन मिलिमीटरला १२,००० होत्या, त्यात लिम्फोसाइट फक्त ८ टक्के, म्हणजे ९६०. त्यातल्या ४० टक्के सीडी४ धरल्या तर ३८४ होतात. बरा झाल्यावर पांढऱ्या पेशी ७,००० आणि लिम्फोसाइट ३० टक्के, म्हणजे २,१००. सीडी४चे प्रमाण तेच ४० टक्के, पण संख्या ८४०. टक्केवारी जागची हलली नाही आणि संख्या दुपटीहून वाढली, कारण लेप्टोसारख्या तीव्र संसर्गात न्यूट्रोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशी वाढतात आणि लिम्फोसाइट तात्पुरत्या घटतात. प्रतिकारशक्ती संपली होती आणि परत आली, असे इथे काही घडलेले नाही. टक्के आणि संख्या हे दोन्ही आकडे वेगवेगळे वाचायचे असतात, आणि अहवालावर फक्त एकच असेल तर दुसरा विचारून घ्यावा.

सीडी४ची मोजणी मुख्यतः एचआयव्ही असल्याचे आधीच सिद्ध झालेल्या व्यक्तीत आजार किती पुढे गेला हे पाहण्यासाठी असते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांत २००पेक्षा कमी संख्येला प्रगत एचआयव्ही आजार मानते. एचआयव्हीचे निदान सीडी४वरून होत नाही, त्यासाठी प्रतिपिंडे शोधणारी वेगळी चाचणी असते. तापात कोणी सीडी४ केलाच असेल आणि तो कमी आला असेल, तर ताप उतरून काही आठवडे गेल्यावर तो पुन्हा करावा. लेप्टोची शंका मात्र त्या दिवशीच डॉक्टरांपुढे मांडावी, आणि ताप कोणत्या दिवशी सुरू झाला ती तारीख रक्ताच्या चिठ्ठीवर लिहून द्यावी, कारण ती तारीख नसेल तर प्रयोगशाळेतल्या माणसाला निगेटिव्ह आकड्याचा अर्थ लावता येत नाही.