‘नमुना मिळेल’ म्हणजे नक्की काय मिळेल?

आज दुपारी सोसायटीच्या ग्रुपवर हळदीकुंकवाच्या वाणासाठी कापडी पिशव्यांची एक जाहिरात आली. दादरमधल्या घाऊक विक्रेत्याची. ‘मांजरपाट, १४० जीएसएम, एका रंगाची छपाई. कमीत कमी ऑर्डर १०० नग. १०० ते २९९ नग ४२ रुपये, ३०० ते ९९९ नग ३६ रुपये, १००० च्या पुढे ३१ रुपये. नमुना मिळेल.’ खाली पाच जणींचे अंगठे. आमच्या शेजारच्या काकूंनी लगेच २८० चा आकडा कळवूनही टाकला.

अहो काकू, थांबा! २८० गुणिले ४२ म्हणजे ११,७६०. आणि ३०० गुणिले ३६ म्हणजे १०,८००. वीस पिशव्या जास्त घेतल्या तर ९६० रुपये वाचतात. या दरात २५८ पिशव्यांपासून पुढे सरळ ३०० च घ्यायच्या. वरच्या टप्प्यातही तेच, ८६२ च्या पुढे हजार स्वस्त. दुकानदार हे आपणहून सांगणार नाही, आणि त्यालाही दोष कशाला द्या, गणित आपल्याला येतं.

खरा राग पुढे आहे. हे १०० नग एकूण की एका डिझाइनचे? जाहिरातीत एक शब्द नाही. आणि आमच्याकडे तर ए, बी, सी तिन्ही विंगना आपापलं नाव छापून हवंय! प्रत्येक नावाला छपाईची वेगळी फ्रेम लागते. विचारल्यावर कळलं, फ्रेमचे ५०० रुपये वेगळे आणि दराचा टप्पा प्रत्येक डिझाइनला स्वतंत्र. म्हणजे शंभर-शंभरच्या तीन गटांत ३०० पिशव्या घेतल्या तरी दर ४२ चाच. १२,६०० अधिक फ्रेमचे १,५००, एकूण १४,१००. तेच तिन्ही विंगना मिळून सोसायटीचं एकच नाव छापलं तर १०,८०० अधिक ५००, म्हणजे ११,३००. विंगच्या अभिमानाची किंमत २,८०० रुपये. (सी विंगवाल्यांनी कृपया मनाला लावून घेऊ नये, तुमच्या ऐंशीच होत होत्या, तुम्ही मुळात किमान ऑर्डरीतच बसत नव्हता.)

किमान ऑर्डर ही लूट नव्हे, एवढं मान्य करते. फ्रेम बनवणं, रंग कालवणं, टेबलावर पिशवीची जागा बसवणं हे दहा नगांना जेवढं, तेवढंच हजाराला. सूत महागतं, भाव हलतो, हेही खरं. मग ‘हा दर अमुक तारखेपर्यंत’ असं लिहा ना. लिहायला काय पैसे पडतात?

आता ते ‘नमुना मिळेल’. कोरा नमुना की आपलं नाव छापलेला? फुकट की पैसे घेऊन? ते पैसे पुढे ऑर्डरीत वळते होणार का? कोऱ्या पिशवीवरून छपाईचं काही कळत नाही. छापलेल्या नमुन्यासाठी आधी फ्रेम बनवावी लागते, म्हणून त्याचे पैसे मागितले तर द्यावेत, फक्त तीच फ्रेम पुढे ऑर्डरीला वापरणार हे लिहून घ्यावं. नमुना हातात आला की ओलं पांढरं फडकं छपाईवर दाबून घासा. फडक्याला रंग लागला तर छपाई नीट तापवून पक्की केलेली नाही, पहिल्याच पावसात तुमच्या विंगचं नाव कोथिंबिरीला लागणार.

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन, तेही आपलं आपल्याला काढता येतं. नमुन्याचा १० बाय १० सेंटिमीटरचा तुकडा कापून सराफाच्या काट्यावर ठेवा. जितके ग्रॅम, त्याला शंभरने गुणा. १.४ ग्रॅम भरला तर १४०. पण तिथे थांबू नका. कोऱ्या कापडाला खळ असते, आणि खळीचं वजन कापडाच्या भावात विकलं जातं. तोच तुकडा धुऊन, पुरता वाळवून पुन्हा तोला. १.२ वर आला तर तुम्ही १२० चं कापड घेताय. म्हणून नमुने दोन मागवायचे. एक कापायला, आणि दुसऱ्यावर तारीख घालून दोघांच्या सह्या घेऊन जपून ठेवायला. नमुन्यात बंदाला फुलीची शिलाई आणि मालात नुसती सरळ टीप आली, तर भांडायला हातात काहीतरी हवं.

काकूंचा आत्ताच फोन आला होता. सी विंग तयार झाली, सोसायटीचं एकच नाव, ३०० नग. विक्रेताही फोनवर बिचारा चांगलाच बोलला म्हणे, त्याला कुणी कधी एवढं विचारलंच नव्हतं. मग मीच त्याची ओळ लिहून पाठवली: ‘किमान १०० नग, प्रत्येक डिझाइनला. दराचा टप्पा डिझाइननुसार, लागू होणारा दर सगळ्या नगांना. फ्रेम प्रत्येक रंगाला ५०० रुपये. जीएसटी आणि टेम्पो वेगळा. कोरे दोन नमुने ४२ रुपये दराने, छापील नमुना फ्रेमचे पैसे भरल्यावर, दोन्हींची रक्कम ऑर्डरीत वळती.’

त्याने टेम्पोच्या जागी ‘दादरपर्यंत मोफत’ करून परत पाठवलं.