दोन हातांचं खाणं

ऑफिसात ब्रेक घ्यायचा म्हणजे आधी कोणाला तरी उठवावं लागायचं. "चल ना बे, चहा मारून येऊ" म्हटलं की तो म्हणणार पाच मिनिटं थांब, मग त्याचा कॉल येणार, मग लिफ्ट येणार नाही, आणि खाली टपरीवर पोचेपर्यंत अर्धी भूक चालण्यात अन् उरलेली मॅनेजरच्या नावानं बोटं मोडण्यात निघून जायची. घरी यातलं काहीच नाही. घरी खुर्चीतून उठलं की हॉल, बेडरूम, किचन. हॉलमध्ये आईची सिरीयल सुरू असते, बेडरूममधून तर आपण उठूनच आलोय, मग माणूस जाणार कुठं? पाय आपोआप किचनकडे वळतात, आणि भूक आहे का हा प्रश्न डब्याचं झाकण उघडल्यावर पडतो. तोही तोंड भरलेलं असताना.

मी नागपुरात प्रतापनगरला राहतो, बायको बँकेत जाते, म्हणजे दिवसभर घरात मी, आई आणि फ्रिज. वर्क फ्रॉम होम लागल्यापासून पॅन्टच्या बटणाशी माझे संबंध बिघडत गेले, पण घरी पॅन्ट घालतो कोण, त्यामुळे हे उशिरा कळलं. जेवण तर माझं पूर्वीइतकंच होतं. दोन पोळ्या, भाजी, वरण-भात. मग वाढून काय राहिलं होतं? तर चिवडा.

आमच्याकडे पातळ पोह्यांचा चिवडा बारा महिने असतो, भरपूर फल्लीदाणे, खोबऱ्याचे काप, सांबार म्हणजे आपली कोथिंबीर तळून टाकलेली. त्याचा डबा ओट्याच्या डाव्या कोपऱ्यात, बरोबर हाताच्या उंचीवर. मी कधी वाटी घेऊन चिवडा खात नव्हतो, वाटी घेतली तर ते खाणं झालं असतं ना! मी फक्त येता-जाता मूठ मारत होतो. शेवटी किचनमधला वजनकाटा आणला (आई आता त्यावर किराणावाल्याची तूरडाळ तपासते, तो सध्या आमच्याशी जपून बोलतो) आणि स्वतःची एक मूठ त्यावर ओतली. तीस ग्रॅम. चिवडा, शेव असल्या तळणीच्या आणि दाण्यांच्या गोष्टी शंभर ग्रॅमला साधारण पाचशे कॅलरीच्या आसपास जातात, कारण तेलाच्या एका ग्रॅममध्ये नऊ कॅलरी असतात आणि पोह्यात-कणकेत चारच. म्हणजे माझी एक मूठ दीडशे कॅलरीची, तेल लावलेल्या एका पोळीपेक्षा जराशी जास्तच. दिवसाच्या चार मुठी धरा, झाले सहाशे, म्हणजे एक अख्खं जेवण मी उभ्या उभ्या, चपला घालून, म्यूटवर राहून जेवत होतो आणि त्याची माझ्या पोटाला काही खबरच नव्हती. स्क्रीनकडे बघत खाल्लेलं डोक्यात नीट नोंदलंच जात नाही, आणि मग पुढच्या वेळी माणूस आणखी जास्त खातो, यावर बराच अभ्यास झालेला आहे. आमच्या घरी त्या अभ्यासाची गरज नव्हती, बायको संध्याकाळी आल्यावर डब्यातली पातळी बघायची.

आता यावर लोक सांगतात की किचनला टाळा लावा, घरात काही आणूच नका वगैरे. सांगणाऱ्यांनी माझ्या आईला भेटावं. घरात चिवडा नाही म्हणजे पाहुणा आला तर काय, आणि आमच्याकडे पाहुणा न येण्याचं एकच कारण असतं, एप्रिल-मे महिन्यातलं ऊन. त्यामुळे मी बंदी घातली नाही, टाइमटेबल लावलं. सकाळी अकराला चहा, दीडला जेवण, साडेचारला खाणं. या तीन वेळा किचनमध्ये जायचं, मधे नाही. पण तहान लागली तर? इथंच सगळे प्लॅन फसतात, कारण पाणी प्यायला गेलेला माणूस कोरडा परत येत नाही. म्हणून पहिलं काम केलं ते माठ किचनमधून काढून बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी ठेवला. आई म्हणाली, "माठ काय दिवाणखान्यात ठेवतात का रे बाबू, लोक काय म्हणतील?" पण माठ राहिला. आता तहान लागली की चार पावलं होतात, पाणी मिळतं, आणि चिवड्याचा डबा रस्त्यात लागत नाही.

चहाचं मात्र जड गेलं. म्हशीचं दूध, दोन चमचे साखर, असा कप शंभर कॅलरीच्या वर सहज जातो, आणि तो एकटा कधीच येत नाही, सोबत टोस्ट किंवा खारी घेऊन येतो. मी दिवसाचे दोन कप ठेवले, साखर एक चमचा, आणि टोस्टच्या डब्याची जागा बदलून वरच्या फळीवर, जिथं स्टूल घ्यावं लागतं. स्टूल घेऊन टोस्ट काढणाऱ्या माणसाला स्वतःबद्दल थोडं तरी वाटतंच.

मग खरा प्रश्न उरला, मधल्या ब्रेकचं काय करायचं? कारण दोन-दोन तास खुर्चीत बसून उठायचंच नाही, हेही बरोबर नाही. हिवाळ्यात सोपं आहे, गच्चीवर जाऊन उन्हात उभं राहा, कोणाचे वाळवण खराब झाले ते बघा. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना गच्चीवर फक्त पापड जाऊ शकतात. पण नागपूरला देवानं कुलर दिला आहे. कुलरची टाकी दुपारी रिकामी होतेच, पाइप काढा, नळाला लावा, ताट्या बघा, कुठं कोरड्या राहिल्या ते हातानं दाबून बघा, पंप आवाज करतो का ऐका, थोडं पाणी पायावर सांडू द्या. इतका छान ब्रेक दुसरा नाही, आणि तोंडात काही टाकायला हात मोकळाच राहत नाही.

हे लक्षात आलं आणि मला माझा नियम सापडला. धोका कॅलरीत कमी आहे, एका हातात जास्त आहे. चिवडा, शेव, काजू, बिस्किट, हे सगळं एका हातानं खाता येतं आणि दुसरा हात माऊसवर राहतो, म्हणून ते संपत नाही तोवर थांबत नाही. जे खायला दोन्ही हात लागतात ते कॉम्प्युटरसमोर खाताच येत नाही, बाजूला बसावंच लागतं. उकडलेल्या शेंगा घ्या, भुट्टा घ्या. आणि सगळ्यांचा राजा म्हणजे आपलं संत्रं. ऑक्टोबरपासून आंबिया बहार, फेब्रुवारी-मार्चकडे मृग बहार, म्हणजे वर्षाचे बरेच महिने सोय. पेपर पसरायचा, बुडापासून नख घालायचं, नागपूरचं साल ढिलं असतं म्हणून एका तुकड्यात निघतं, निघाल्यावर बोटं चिकट, नखात पिवळं, मग पांढरे धागे ओढायचे, एकेक फाक, बी काढायची, थुंकायची जागा शोधायची. एक संत्रं खायला सात-आठ मिनिटं जातात आणि पोटात जातात पन्नास-साठ कॅलरी. तेवढ्या वेळात चिवड्याच्या किती मुठी झाल्या असत्या याचा हिशोब मी करत नाही. शिवाय त्या बोटांनी कीबोर्डला हात लावायची कोणाची हिंमत नाही, 'ई' चं बटण एकदा चिकटलं की दिवसभर दोनदा उमटतं, तसे मेल मॅनेजरला गेले आहेत.

साडेचारला एक संत्रं आणि सोबत मूठभर फुटाणे, सालासकट, वाटीत मोजून तीस ग्रॅम. चिवड्याइतकंच वजन, पण तेल नाही, आणि चावून चावून जबडा दुखतो, म्हणून थांबायची इच्छा स्वतःहून होते. एवढ्यावर संध्याकाळ निघायची, अट एकच, दुपारच्या जेवणात वरण घट्ट हवं, वाटीभर उसळ हवी. मीटिंग लांबली म्हणून ज्या दिवशी नुसती पोळी गुंडाळून खाल्ली, त्या दिवशी साडेतीनलाच स्टूल सरकल्याचा आवाज यायचा.

सगळं छान चालू होतं, तर नोव्हेंबर आला. आमचा क्लायंट न्यू जर्सीचा, त्यांचा सकाळी साडेनऊचा कॉल म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे सात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ते लोक घड्याळ एक तास मागे घेतात आणि आपला कॉल रात्री आठला जातो. आता त्यांनी घड्याळ मागे घ्यावं आणि माझं पोट पुढे यावं याचा थेट संबंध कोणी सांगितला असता तर मी हसलो असतो. पण कॉल संपून जेवायला सव्वानऊ व्हायला लागले, साडेचारचे फुटाणे तोवर कुठले टिकायला, आणि पावणेआठला, कॉलच्या आधी, मी पुन्हा ओट्याच्या डाव्या कोपऱ्यात. काटा दर आठवड्याला थोडा थोडा वर जायला लागला तेव्हा मी जेवणच कमी करत बसलो, त्यानं तर पावणेआठची मूठ आणखी मोठी झाली. शेवटी सगळं खाणं ढकललं, साडेचारला नुसता चहा, संत्रं-फुटाणे सव्वासहाला. मार्चमध्ये त्यांची घड्याळं पुढे गेली की परत जुनं.

आणि काट्याचंही एक सांगतो, रोज बघायचं असेल तर बघा, पण रोज ऐकायचं नाही. शनिवारी रात्री सावजीचा रस्सा झाला की रविवारी सकाळी किलोभर जास्त दिसतं, ते काही एका रात्रीत चढलेलं मांस नसतं, मिठानं धरून ठेवलेलं पाणी असतं, दोन दिवसांत उतरतं. मी सकाळी एकाच वेळेला, चहाच्या आधी वजन करतो आणि आठवड्याची सरासरी बघतो. सरासरी जागेवर असली की मी गप्प. कमी व्हावं अशी माझी इच्छा कधीच नव्हती, जागेवर राहावं एवढंच मागणं आहे.

या सगळ्यात आईला एकच कळलं होतं, की पोराचं खाणं कमी होऊन राहिलं. आधी विचारलं, "काहून रे, बरं नाही वाटून राहिलं का?" मग शेजारच्या काकूंकडून आलेली सांबारवडी माझ्या माऊसशेजारी ठेवून पाहिली. मग मी तिला बसवून नीट समजावलं, आई, दोन हातांचं खाणं चालतं, एका हाताचं नाही, संत्री चालतात, तू संत्री आणत जा. तिनं सगळं शांतपणे ऐकलं, दुसऱ्या दिवशी डझनभर आणली. साडेचारला खुर्चीतून उठायला लागलो तर टेबलवर वाटी हजर. संत्री सोललेली, धागे काढलेले, बियासुद्धा काढलेल्या, आणि फाकांवर ठेवलेला काट्याचा चमचा.

"तुझे दोन्ही हात कामात असतात ना बाबू," ती म्हणाली, "म्हणून मीच करून ठेवलं."