कार्ड बदलायचंय, सबस्क्रिप्शन नाही!

चालू सबस्क्रिप्शनचं फक्त कार्ड बदलायचं होतं. प्लॅन तोच, तारीख तीच, रक्कम तीच. पुढच्या वेळी पैसे जुन्याऐवजी नव्या कार्डातून जावेत, बस्स. तर सपोर्टवाल्यांचं उत्तर काय? "आताचं सबस्क्रिप्शन रद्द करा आणि नवीन कार्डाने परत घ्या." डोकंच फिरलं माझं!

अहो, वार्षिक प्लॅन आहे तो. वर्षाचे पैसे तुम्ही आधीच घेऊन बसलात आणि चार महिने अजून शिल्लक आहेत. परत घेतलं तर नवं वर्ष आजपासून मोजणार, म्हणजे त्या चार महिन्यांचे पैसे मी दोनदा भरायचे. बिलाची तारीख सरकणार ती वेगळीच. शिवाय जुन्या दराने चालू असलेला प्लॅन एकदा सोडला की तो दर बहुतेक वेळा कायमचा गेला. आणि हे लोक तो सल्ला असा देतात, जणू दुसरा मार्गच नाही!

मार्ग असतो. सबस्क्रिप्शन आणि कार्ड या बिलिंगमध्ये दोन वेगळ्या नोंदी असतात. सबस्क्रिप्शनच्या नोंदीत प्लॅन, दर आणि पुढच्या बिलाची तारीख. कार्डाचा तर तिथे सहसा नंबरही नसतो, त्याच्या जागी एक टोकन, म्हणजे त्या कार्डाचा सांकेतिक क्रमांक असतो. कार्ड बदलणं म्हणजे जुन्या टोकनऐवजी नवं टोकन जोडणं. त्यासाठी सेवा थांबवावी लागत नाही, पैसे घ्यावे लागत नाहीत. कार्ड चालू आहे का हे तपासायला शून्य रकमेची विचारणा जाते किंवा किरकोळ रक्कम तात्पुरती अडवून सोडून देतात. बँकेच्या अॅपमध्ये ती ‘पेंडिंग’ दिसते आणि काही दिवसांत आपोआप जाते. पण हे आधी सांगायचं कुणी? माणूस अनोळखी रक्कम बघून घाबरतो आणि बँकेत तक्रार ठोकतो, मग अकाउंटच अडकतं.

खरा संताप पुढे आहे. नवं कार्ड जोडलं, त्याच्यासमोर ‘Default’ ची हिरवी पट्टी आली. कुणालाही वाटेल, झालं काम. पण सबस्क्रिप्शनचं स्वतःचं पान उघडलं, तर ‘पुढचं पेमेंट’च्या ओळीत जुन्याच कार्डाचे शेवटचे चार आकडे! कारण ते डिफॉल्ट अकाउंटचं आहे. सबस्क्रिप्शन घेताना जे कार्ड त्याला जोडलं गेलं, ते अनेक सिस्टिममध्ये आधी वापरलं जातं. अकाउंटचं डिफॉल्ट लागतं ते सबस्क्रिप्शनला स्वतःचं कार्ड नसेल तरच. मग ती हिरवी पट्टी कशाला दाखवता? लोक निर्धास्त होऊन जुनं कार्ड बंद करतात, नूतनीकरणाच्या दिवशी पेमेंट फेल होतं आणि सेवा बंद पडते.

म्हणून ती ‘पुढचं पेमेंट’ची ओळ बघितल्याशिवाय कुणीही विश्वास ठेवू नका. चार आकडे नव्या कार्डाचे हवेत, आणि तारीख पूर्वीचीच हवी. तारीख आजपासून मोजलेली दिसली, तर कार्ड बदललेलं नाही, नवी खरेदी झाली आहे. त्याच दिवशी पैसे परत मागा. जुनं कार्ड यादीतही आणि बँकेतही एक नूतनीकरण नीट पार पडेपर्यंत चालू ठेवा. आणि सबस्क्रिप्शन फोनच्या अॅप स्टोअरमधून घेतलं असेल, तर कंपनीच्या साइटवर शोधत बसू नका. अशा वेळी पैसे स्टोअर घेतं, कार्डही स्टोअरच्या खात्यातच बदलावं लागतं.

पैसे खरोखर लगेच कापले जातात ते एका ठिकाणी. आधीचं बिल फेल होऊन थकलेलं असेल, तर नवं कार्ड जतन करताच बऱ्याच सिस्टिम ती थकबाकी त्याच क्षणी वसूल करतात. थकबाकी घ्या, त्याला माझी ना नाही. पण ‘सेव्ह’ दाबण्याआधी सांगा ना! नुसतं ‘कार्ड अपडेट करा’ लिहिलेल्या बटणामागे वसुली लपवायची, ही फसवणूक आहे. म्हणून कार्ड बदलायचं ते बिलाच्या तारखेच्या बरंच आधी, काही थकलेलं नसताना.

त्या बटणाखाली मला एकच ओळ हवी आहे: "आज काहीही कापलं जाणार नाही, पुढचं बिल अमुक तारखेला या कार्डावर." तारीख तुमच्याकडे आहे, रक्कम तुमच्याकडे आहे, कार्डाचे आकडेही तुमच्याकडेच आहेत. लिहा की मग!