अडकलेलं रिचार्ज: दुसऱ्यांदा बटण दाबण्याआधी

“ॲपवरून रिचार्ज केलं, पैसे कापले गेले आणि बॅलन्स आला नाही, तर पैसे मोबाइल कंपनीकडेच असतात. दुकानात जाऊन यूटीआर नंबर दाखवा. घाई असेल तर लगेच परत रिचार्ज मारा, पहिले पैसे आपोआप परत येतात.”

पुण्यातल्या अनेक सोसायट्यांच्या ग्रुपवर हा मेसेज फिरतोय. त्यावर विसंबून लोकांचे पैसे जातात, म्हणून लिहितोय.

पैसे आधी कुठे जातात ते पाहू. यूपीआयने तुमच्या बँकेतली रक्कम ॲपच्या किंवा त्याच्या पेमेंट भागीदाराच्या खात्यात जमा होते. हा एक व्यवहार इथेच संपतो. त्यानंतर ॲपचा सर्व्हर, बऱ्याचदा अ‍ॅग्रिगेटर म्हणजे मधल्या मध्यस्थ कंपनीमार्फत, मोबाइल कंपनीला नंबर, त्याचं सर्कल म्हणजे दूरसंचार विभाग, आणि रक्कम कळवतो. अ‍ॅग्रिगेटरने कंपनीकडे आगाऊ पैसे भरून ठेवलेले असतात. त्या शिलकीतून रक्कम वजा होते, कंपनीची यंत्रणा तुमच्या नंबरवर प्लॅन चढवते आणि एसएमएस येतो.

म्हणून दुकानात यूटीआर दाखवून सहसा काही हाती लागत नाही. तो बारा आकडी नंबर बँकेच्या व्यवहाराचा आहे. कंपनीला लागतो तो ऑपरेटर रेफरन्स नंबर, जो रिचार्ज पूर्ण झाल्यावर ॲपच्या व्यवहार तपशिलात दिसतो. तो असेल तर कंपनीला विचारा, नसेल तर तक्रार ॲपकडेच करा.

परत रिचार्ज मारण्याचा सल्ला मात्र सगळ्यात घातक आहे. समजा, हडपसरमध्ये कुणी रात्री आठला 299 रुपयांचं रिचार्ज केलं. विनंती कंपनीपर्यंत पोचली, पण उत्तर वेळेत परत आलं नाही. ॲप ‘पेंडिंग’ दाखवतं आणि त्याच ऑर्डर नंबरने पुन्हा चौकशी करत राहतं. पाच मिनिटांत तुम्ही परत बटण दाबलंत की नवा ऑर्डर नंबर तयार होतो आणि कंपनीच्या लेखी ते वेगळं रिचार्ज असतं. दोन्ही यशस्वी झाली, तर परत करण्यासारखं काही उरतच नाही. दुसरा प्लॅन फार तर रांगेत लागतो.

आपोआप परतावा मिळतो तो कंपनीने रिचार्ज स्पष्ट नाकारलं तर. चुकीचं सर्कल हे त्याचं नेहमीचं कारण. मुंबई हे वेगळं सर्कल, पुणे महाराष्ट्र-गोव्यात. मुंबईत घेतलेला नंबर कोथरूडमध्ये राहायला आल्यावरही मुंबई सर्कलचाच राहतो. पोर्ट केलेल्या नंबरची कंपनी ओळखण्यातही ॲप कधी चुकतं, तेव्हा पैसे भरण्याआधी कंपनी आणि सर्कल वाचून घ्या.

रिझर्व्ह बँकेचा 2019 चा नियम बँकेच्या टप्प्याला लागू होतो: खात्यातून पैसे गेले पण व्यापाऱ्याला पुष्टी मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम परत यायला हवी, उशीर झाल्यास दिवसाला 100 रुपये भरपाई. ॲपला पैसे मिळाले आणि रिचार्ज पुढे अडकलं, तर हा नियम पुढे करून भागत नाही.

‘पेंडिंग’ दिसलं की आधी मोबाइल कंपनीच्या स्वतःच्या ॲपमध्ये प्लॅन आणि मुदत बघा. तिथे चढलेला असेल, तर पेमेंट ॲपची स्थिती नुसती मागे पडलेली असते.