कलम कुठलं, तेवढं लिहून द्या

आज दुपारी ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावरची मैत्रीण फोनवर होती. तिच्या मिस्टरांची अँजिओप्लास्टी झाली, क्लेम मंजूर झाला आणि खात्यात ४१,००० रुपये कमी आले. पलीकडची मुलगी तिला सांगत होती, "मॅडम, पॉलिसीत आहे ना सगळं." हिने विचारलं, "कुठे आहे?" उत्तर आलं, "टर्म्स अँड कंडिशन्समध्ये." ही "बरं" म्हणाली आणि फोन ठेवून डोळे पुसायला लागली. तेव्हापासून माझं डोकं तडकलंय. जेवतानाही तेच डोक्यात होतं, म्हणून आता लिहायला बसले.

"बरं" का म्हणायचं? वाण्याने दहा रुपये जास्त लावले तर आपण पावती मागतो. इथे एक्केचाळीस हजार कापले आणि कारण काय, तर "अटींनुसार". कुठली अट? कितवं पान?

आमच्या घरी हे तीन वर्षांपूर्वी झालंय. आई बाथरूममध्ये घसरली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. बिल १,८०,००० रुपये. कंपनीने दिले १,१८,०००. सोबत एक कागद आला, त्यात ६२,००० च्या वजावटीसमोर एवढंच लिहिलं होतं, 'पॉलिसीच्या अटी व शर्तींनुसार'. मी फोनवर भांडले. पहिल्यांदा सांगितलं, रूम महागडी घेतली म्हणून. दुसऱ्यांदा, हॉस्पिटलने दर जास्त लावलेत म्हणून. तिसऱ्यांदा, सिस्टिमनेच तसं काढलंय म्हणून. तीन फोन, तीन कारणं, आणि एकाचाही कागद नाही.

नाना एसटी डेपोत हिशेबनीस होते. त्यांनी मला थांबवलं. म्हणाले, "अगं, तू फोनवर भांडतेस, उद्या ते म्हणतील आम्ही असं बोललोच नाही. आधी कलम माग. हिशेब नंतर." आणि पट्टी घेऊन बसले. बिलाच्या प्रत्येक ओळीखाली पट्टी सरकवायची, पेन्सिलीने बारीक टिंब द्यायचं, पुढची ओळ.

कापलं कसं होतं ते आधी सांगते, कारण बहुतेकांचं इथेच जातं. आमची पॉलिसी तीन लाखांची. रूमला रोज एक टक्का, म्हणजे ३,००० रुपयांची मर्यादा. आम्ही घेतली ४,५०० ची, कारण त्या रात्री दुसरी रिकामी नव्हती. मर्यादेपेक्षा महाग रूम घेतली की नुसता रूमचा फरक जात नाही. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर असे रूमच्या दर्जाप्रमाणे वाढणारे खर्चही त्याच प्रमाणात कापतात. तीन हजार भागिले साडेचार हजार, म्हणजे दोन तृतीयांश. हे पॉलिसीत खरंच लिहिलेलं होतं आणि आम्ही ते वाचलं नव्हतं. ही चूक आमची, मान्य.

पण कंपनीने काय केलं? ग्लोव्हज, रजिस्ट्रेशन वगैरेचे ३,००० बाजूला काढले आणि उरलेल्या अख्ख्या १,७७,००० ला दोन तृतीयांश लावलं. त्यात ४८,००० चं इम्प्लांट होतं, २७,००० ची औषधं होती, १२,००० च्या तपासण्या होत्या. आईच्या खुब्यात बसवलेला रॉड स्वस्त रूममध्ये स्वस्त मिळतो का? या तीन गोष्टींना, आणि आयसीयूलाही, ही प्रमाणशीर कपात लावायची नाही, असं विमा नियामक आयआरडीएआयने २०२० सालीच सांगितलंय.

मला हे कळल्यावर मी चार पानी पत्र लिहायला घेतलं. नानांनी ते बाजूला ठेवलं. त्यांचं पत्र एवढंच होतं:

"विषय: क्लेममधील ६२,००० रुपयांच्या वजावटीचा आधार लेखी कळवण्याबाबत.
आपल्या पत्रात वजावटीचे कारण 'अटी व शर्तींनुसार' असे दिले आहे. कृपया (१) कापलेल्या प्रत्येक रकमेसमोर पॉलिसीतील कलमाचा क्रमांक, पान आणि त्या कलमाचा मजकूर जसाच्या तसा लिहून द्यावा. (२) त्या कलमावरून रक्कम कशी काढली, ते आकडेमोडीसह दाखवावे. (३) मिळालेली रक्कम आम्ही उर्वरित रकमेवरील हक्क राखून स्वीकारली आहे. कळावे."

पॉलिसी क्रमांक, क्लेम क्रमांक, तारीख, सही. बस्स. आईला किती त्रास झाला, आम्ही किती वर्षं हप्ते भरले, यातलं एक अक्षर नाही. मला तेव्हा ते फार कोरडं वाटलं होतं. आता कळतं की दुःख लिहिलं असतं, तर त्यांनी दुःखाला उत्तर दिलं असतं. "आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत", झालं. कलम विचारलं की कलमच द्यावं लागतं.

पहिलं उत्तर तरी आलंच, "कृपया पॉलिसीच्या अटी वाचाव्यात." मी भडकले. नानांनी तेच पत्र, तेच तीन मुद्दे, कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवलं, पहिल्या पत्राची पोहोच जोडून. मग मात्र कलम आलं, क्रमांकासकट. आणि त्याच पानावर, ज्या खर्चांना ही प्रमाणशीर कपात लागते त्या 'संलग्न वैद्यकीय खर्च' या शब्दाची व्याख्या होती: औषधे, इम्प्लांट, तपासण्या वगळून. स्वतःच्या हाताने त्यांनी ते आम्हाला पाठवलं होतं! नानांनी त्या ओळीखाली पट्टी ठेवली आणि मला हाक मारली. ८७,००० चा एक तृतीयांश, २९,००० रुपये. पुढच्या पत्रात एवढा एकच हिशेब होता. पैसे आले.

सगळे नाही आले. रूमचे ६,००० आणि डॉक्टर-थिएटरचे २४,००० गेले ते गेलेच, कारण त्या हॉस्पिटलात रूमप्रमाणे फी बदलते. जिथे सगळ्यांना एकच दर असतो तिथे डॉक्टर-थिएटरची ही कपातही लावता येत नाही, पण तसं हॉस्पिटलकडून लिहून आणावं लागतं. आम्हाला ते मिळण्यासारखं नव्हतं. कंपनी प्रत्येक वेळी चूकच असते असं मी म्हणत नाही.

पण सांगायला काय जातं? २०२४ च्या मे महिन्यातल्या आयआरडीएआयच्या परिपत्रकात स्पष्ट आहे, क्लेम नाकारला किंवा थोडा कापला तरी पॉलिसीतल्या नेमक्या अटीचा संदर्भ देऊन कळवायचं. म्हणजे आपण उपकार मागत नाही. कंपनीने महिन्याभरात उत्तर दिलं नाही किंवा पटणारं दिलं नाही, तर पुढे विमा लोकपाल आहे. फी नाही, वकील लागत नाही, फक्त वर्षाच्या आत जायचं. आणि तिथे पहिला कागद मागतात तो हाच, तुम्ही कंपनीला लेखी काय विचारलंत आणि त्यांनी लेखी काय सांगितलं. फोनवरचं "बरं" तिथे कुठे दाखवणार?

संध्याकाळी मैत्रिणीला घरी बोलावलं. तिच्या कागदावर नुसता एकच आकडा, ४१,०००. स्टेंटचे पैसे त्यात कापलेत की नाही तेही कळत नाही. तिने पत्र लिहिलं, शेवटी "घरात कमावणारे हे एकटेच आहेत" असं घातलं. ती ओळ मी खोडली. खोडताना मलाच वाईट वाटलं. तिलाही वाटलं असणार, पण काही बोलली नाही. उद्या सकाळी ईमेल आणि स्पीड पोस्ट, दोन्ही करणार आहे. पोहोच सांभाळून ठेव म्हटलं.